मुले चार

आमच्या पांढुर्ण्या-सौंसर भागातल्या जुन्या घरांमध्ये कुटुंबाचे काळे-पांढरे ग्रुप फोटो अजून असतील. कुणाकडे असा फोटो असेल तर एकदा चेहरे नीट पाहा. एखादा माणूस त्या दिवशी तिथे नसूही शकतो.

माझ्या आजीचं माहेर सौंसरचं. १९६६ च्या सुमारास तिच्या माहेरची वाटणी झाली, तेव्हा तिच्या आईच्या पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक फोटो निघाला आणि तो आमच्याकडे पांढुर्ण्याला आला. आजीनं तो उंबऱ्याशी उजेडात धरला. मग म्हणाली, "हा इथं कसा? हा तं त्या दिवशी नोयताच!"

हा म्हणजे तिचा मधला भाऊ. शेतीवरून वडिलांशी भांडून घरातून गेला, तो पुन्हा आला नाही. वडील चारचौघांत सांगत, मला मुलं तीनच. फोटो काढला तो त्यानंतर. आजी स्वतः त्यात बसली होती, म्हणून तिला ठाऊक.

तिनं मला दाखवलं. बाकी सगळ्यांच्या डाव्या गालावर उजेड, याच्या उजव्या. सगळे म्हातारे-थोराड दिसू लागलेले, याला मिसरूडच. "हे तोंड माझ्या लग्नातलं हाय," ती म्हणाली. मी फोटोवर बोट फिरवलं, जोड कुठेच लागला नाही.

पुढे बँकेत सह्या पडताळायची सवय लागल्यावर एका जुन्या स्टुडिओवाल्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, जोड लागणारच नाही. आधी दुसऱ्या फोटोतला चेहरा बाकीच्यांच्या मापाचा करून छापायचा. तो बारीक पात्यानं कापायचा, मागून कडा घासून पातळ करायच्या, खळीनं चिकटवायचा आणि ब्रशनं कडा रंगवायच्या. मग त्या सगळ्याचाच पुन्हा फोटो घ्यायचा. घरी येते ती ही दुसरी प्रत, म्हणून गुळगुळीत. माप जुळवता येतं, कडा लपवता येतात. पण उजेड कुठल्या बाजूनं पडला ते बदलणं कठीण. शिवाय छोट्या फोटोतून मोठा केलेला चेहरा शेजाऱ्यांपेक्षा थोडा पुसट राहतो. आमच्या फोटोत हे दोन्ही आहे. बिनशिकलेल्या आजीनं ते उंबऱ्यात उभ्या उभ्या पकडलं होतं!

हे करवून घेतलं कोणी? आम्हाला वाटलं, तिच्या आईनं लपून. पण फोटोच्या मागे मोडीत एक ओळ होती. माझ्या वडिलांना मोडी येत असे, त्यांनी वाचली: 'मुले चार.'

आजीनं अक्षर कसं आहे ते विचारलं. वडिलांनी पेटीतलंच एक जुनं हिशेबाचं पान शेजारी धरलं. अक्षर तिच्या वडिलांचंच होतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फोटो भिंतीवर लावायला सांगितला. आईनं दसऱ्याला त्याला हार आणला, तर आजीनं हात धरला.

"त्याले नको घालू बाई. त्याचं काही समजलं नाही अजून."