कमी की बंद?

नेसरीच्या आमच्या वस्तीत कुणाची दारू सोडवायला गेलो की बाप्या पहिल्यांदा हेच म्हणतो, "एकदम बंद नको, कमी करतो." घरच्या बाईचा मात्र "कमी" या शब्दावरचा विश्वास उडालेला असतो. १९५६ च्या नागपूरच्या प्रतिज्ञेत तर दारूला मर्यादाच नाही, ती प्यायचीच नाही. तरीही माणसाला ती घोषणेने सुटत नाही. आम्ही पडलो कारकून, म्हणून हिशेबाची वही घालतो. रोज किती प्यायला ते घरच्यांसमोर लिहायचं.

एक गवंडी, वय पंचेचाळीस, वीस वर्षं पिणारा. "संध्याकाळी एकच क्वार्टर" हा त्याचा करार. पण १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ३० मिलीचे सहा पेग बसतात, तेव्हा कमी काय झालं? दोनच पेग ठरवले. पहिल्या आठवड्यात चार दिवस पाळले, तिसऱ्या आठवड्यात वहीची पानं कोरी राहिली. सकाळी थापी धरताना हात कापायचा आणि घोट पोटात गेला की थांबायचा. मर्यादा मोडते ती अशांचीच. पहिल्या घोटानंतर दुसरा त्यांच्या हाती राहत नाही. त्यांना पूर्ण बंदच सोपी जाते, कारण रोज नव्याने ठरवावं लागत नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगणही संपूर्ण व्यसनमुक्तीचाच मार्ग धरतं.

मात्र अशा माणसाची दारू घरी कोंडून अचानक तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, त्यात जीवही जातो. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन उतरवली.

दुसरा सव्वीस वर्षांचा टेम्पोवाला. शनिवारी मित्रांत बसून अर्धी बाटली. हात कापत नाही, काम चुकत नाही, बायकोशी बोलणं आहे. त्याला आधी महिनाभर पूर्ण बंद ठेवायला लावलं. ज्याला हा महिनाच जड जातो, त्याने मर्यादेचं नाव काढू नये. त्याला तो जड गेला नाही. मग आठवड्यात दोनच दिवस, दिवसाला दोन पेग, जेवल्यावर, आणि गाडी चालवायची असेल त्या दिवशी मुळीच नाही. सहा महिने वही नीट राहिली. वय कमी, सवय ताजी, घर-काम शाबूत, अशांना हे जमतं. महिन्यात दोनदा मर्यादा मोडली तर उद्दिष्ट बदलायचं, हे आधीच वहीवर लिहून घेतलं होतं. यकृत बिघडलेला, पूर्वी फिट आलेला, झोपेच्या गोळ्या घेणारा किंवा पोटुशी बाई यांच्यापुढे मात्र हा पर्याय ठेवूच नये.

हल्ली टेम्पोवाल्याच्या वहीत आठवड्याला एकच नोंद असते. दुसरा दिवस त्याने आपणहून सोडला. "दोन पेगसाठी एवढा हिशेब कोण ठेवणार, दादा?" असं त्याचं म्हणणं. गवंड्याची वही आता त्याची बायको किराणा लिहायला वापरते.