वेळेसह हकिगत

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील एका रुग्णालयात, रुग्णवाहिकेतून आलेल्या रुग्णाची हकिगत ऐकून ती मोजक्या वाक्यांत डॉक्टरांपुढे मांडणे, हे आपत्कालीन विभागातील माझे नित्याचे काम आहे. कर्नाटकात १०८ क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली, आणि तिच्या गाडीत नोंदीसाठी छापील तक्ता असतो. परंतु सिल्क बोर्डाच्या चौकात गचके खात चाललेल्या गाडीत, एका हाताने रुग्णाला सावरीत, तंत्रज्ञाने टिपलेले आकडे प्रथम उमटतात ते हातमोज्याच्या पाठीवर, चिकटपट्टीवर किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

अशाच एका पुठ्ठ्यावरील मजकूर, ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे देतो: ‘स्त्री ६४. शुगरच्या गोळ्या. ६.५० पडली. बोलणे जड, उजवा हात उचलत नाही. ९१, ९७. बीपी १७८/९६. जीआरबीएस ४८. डी-२५ शंभर. १६२. निघालो ७.३०.’ यातील एकही आकडा खोटा नव्हता. तथापि तो जसाच्या तसा वाचून दाखविला असता, तर ऐकणाऱ्याला बाईंची अवस्था सुधारते आहे की बिघडते आहे, हे कळले नसते. आकडा कोणत्या वेळेचा आणि कोणत्या उपचाराच्या आधीचा वा नंतरचा, याची रुजुवात झाल्याखेरीज तो अर्धाच राहतो.

म्हणून स्ट्रेचर खाटेला लागत असतानाच मी तंत्रज्ञाला विचारले, “९१ केव्हाचे?” तो म्हणाला, “घरातले, साध्या हवेवर. ९७ हे चार लिटर प्राणवायू लावल्यावर.” रक्तातील साखर ४८ भरली ती ७.०५ वाजता, २५ टक्क्यांचे डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर शिरेतून दिले ते ७.१० वाजता, आणि १६२ ही फेरतपासणी ७.२५ ची. यापुढचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: साखर वर आल्यावर हात उचलला का? साखर उतरली म्हणजे जीभ जड होते, क्वचित एका अंगाची शक्तीही जाते, आणि ते दृश्य हुबेहूब पक्षाघातासारखे दिसते. तो म्हणाला, “बोलणे सुटले, हात मात्र तसाच पडतो.” पुठ्ठ्यावर नसलेल्या या एका वाक्याने पक्षाघाताचा संशय कायम ठेवला.

उरली ती ६.५० ची वेळ. ही पडण्याची नव्हे, मुलाला आई पडलेली दिसली तेव्हाची. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत, आरंभ कोणी पाहिला नसेल तर, रुग्ण शेवटचा नीट दिसला त्या क्षणापासून मोजतात. सुनेने ६.१० ला कॉफी दिली तेव्हा सासूबाई स्वच्छ बोलत होत्या, असे तिच्याकडून कळले. म्हणजे मुदत १०.४० पर्यंत. सुनेऐवजी रात्री झोपताना पाहणारा मुलगाच साक्षीला असता, तर हेच गणित सकाळ होण्यापूर्वीच संपलेले ठरले असते.

मग मी सांगितले ते असे: “स्त्री, वय ६४, मधुमेह, ग्लिमेपिराइड चालू. ६.१० ला नीट होत्या असे सून सांगते; ६.५० ला पडलेल्या आढळल्या. बोलणे जड, उजवा हात दुर्बळ. ७.०५ ला साखर ४८, साध्या हवेवर प्राणवायू ९१, रक्तदाब १७८/९६. ७.१० ला डेक्स्ट्रोज २५ टक्के, १०० मिलिलिटर. प्राणवायू चार लिटर. ७.२५ ला साखर १६२, प्राणवायू ९७. बोलणे सुधारले, हात सुधारला नाही. ७.३० ला निघाले, ७.५८ ला पोहोचले. डोक्याला मार पाहिलेला नाही.”

शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून असे ठेवतो. ‘मार नाही’ म्हटले असते तर कोणीतरी डोके तपासले असा समज झाला असता. ग्लिमेपिराइडचे नावही लांबण लावण्यासाठी नव्हते. त्या गोळीचा अंमल डेक्स्ट्रोजपेक्षा अधिक काळ टिकतो, म्हणून १६२ वर विसंबून चालत नाही, साखर पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

तंत्रज्ञाचा मोबाईल, गाडीतील यंत्र आणि आमच्या भिंतीवरील घड्याळ यांत चार-पाच मिनिटांचा फरक सहज पडतो, म्हणून मी मोबाईलची वेळ प्रमाण धरून बाकीच्या तिच्याशी जुळवितो आणि तसा शेरा लिहितो. पुसलेला आकडा अंदाजाने भरीत नाही. ‘वाचता आला नाही’ असे लिहितो, कारण माझ्या नोंदीवरून पुढील तासाभरात डोक्याचे सीटी स्कॅन, औषध आणि त्याची मात्रा ठरणार असते, आणि तेथे माझा तर्क कोणी मोजलेले माप समजून वाचू नये.