पाणीही ठरेना तेव्हा

गरोदरपणात ओकाऱ्या व्हायच्याच, हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य बहुतांशी खरे असते. सकाळी मळमळते, दुपारी वरणभात थोडा तरी राहतो आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्रास ओसरतो. परंतु पाणीच पोटात ठरेना, तेव्हा हेच वाक्य घातक ठरू शकते.

बार्शीच्या एका आडत व्यापाऱ्याच्या सुनेला नववा आठवडा लागला होता. दोन दिवस घोटभर पाणीही दहा मिनिटांत बाहेर पडत होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आम्हालाही असंच व्हायचं.” सकाळपासून लघवी झाली नव्हती, आदल्या दिवशीची एकदाच, कोऱ्या चहासारख्या रंगाची. घरात चौविहार पाळला जात असल्याने रात्री पाणी नाही, म्हणून लघवी कमी, असा समज झाला. नवऱ्याने मात्र तिला दुकानातील काट्यावर उभे केले. गरोदर राहिली तेव्हा 52 किलो असलेली ती 49 वर आली होती. उठताना तिला भोवळ येत होती. तो तिला थेट रुग्णालयात घेऊन गेला.

किती वेळा उलटी झाली याचा हिशेब येथे दुय्यम. चोवीस तास अन्नपाणी काहीच ठरले नाही, आठ तासांहून अधिक काळ लघवी झाली नाही, वजन शेकडा पाचने उतरले किंवा उभे राहताच चक्कर येते, यांपैकी एक खूणही दवाखाना गाठण्यास पुरेशी आहे. पोटदुखी, ताप किंवा उलटीत रक्त असेल, तर एक तासही थांबू नये.

तिच्या लघवीत कीटोन सापडले. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी जाळू लागल्याची ती खूण. सोनोग्राफीत जुळे नाही ना, गर्भ ठीक आहे ना, हे पाहिले. सासऱ्यांनी ग्लुकोजची बाटली लावा म्हटले. डॉक्टरांनी आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व दिले आणि सलाईन लावले. साखर वापरताना शरीर बी-1 खर्च करते; साठा आधीच आटलेला असताना नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊन डोळे, चाल व स्मरण बिघडू शकते. रक्ततपासणीत पोटॅशियम कमी आढळले, म्हणून तेही सलाईनमधून सावकाश दिले. उलटी थांबवणारे इंजेक्शन शिरेतून दिले. संध्याकाळपर्यंत लघवी झाली, रंगही फिकट. दोन दिवसांनी ती घरी आली.

ड्रिपने शरीरातील तूट भरून निघते, मूळ विकार जात नाही. पंधरा दिवसांत तिला पुन्हा एक दिवस रुग्णालयात राहावे लागले. रात्रीचे कोरडे तास तिला परवडणारे नव्हते, म्हणून सासूबाईंनीच चौविहार सोडायला लावला आणि उशाशी पाण्याचा पेला ठेवला. दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे, एवढेच. घटाघटा प्यायलेले पाणी लगेच उलटून येई; चमच्याचे ठरत असे.