आयंबिलाची ओळी आणि पायातलं बळ



आश्विनाची ओळी जवळ आली की फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "नऊ आयंबिलं झेपतात हो, पण नंतर महिनाभर पाय लटपटतात, त्याचं काय करायचं?" आम्ही राहतो कुडपणला, पोलादपूरच्या वर डोंगरात. इथे दोन घरांत जायचं तरी चढ नाहीतर उतार. त्यामुळे मांडीतलं बळ गेलं की ते दुसऱ्याच दिवशी कळतं. कॉमर्स शिकल्यामुळे मला जमाखर्च मांडायची खोड आहे, म्हणून आज ओळीच्या ताटाचा जमाखर्च मांडते.

आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर नाही. भाजी नाही, फळ नाही, एकदाच बसून जेवायचं. मोड आलेलं कडधान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य. राहतं काय, तर धान्य आणि डाळी. प्रथिनांच्या दृष्टीने हे वाईट नाही, कारण डाळ आपल्या हातात आहे. खरी तूट पडते ती कॅलरींची. रोजच्या जेवणात तीन-चार चमचे तेल-तूप सहज जातं, त्याच्याच तीन-साडेतीनशे कॅलरी होतात. त्या जातात, दुसरं जेवणही जातं. शरीराला इंधन कमी पडलं की ते चरबी जाळतं, आणि सोबत पोटात गेलेली प्रथिनं आणि स्नायूही थोडे मोडून जाळतं. साठीनंतर असे मोडलेले स्नायू परत यायला फार वेळ लागतो.

माझ्या जाऊबाईंचंच उदाहरण घेते. वय ६३, वजन ५२ किलो. दोन वर्षांपूर्वीच्या ओळीत त्यांचं ताट असं असे: १२० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी आणि जेमतेम २० ग्रॅम डाळीचं पातळ पाणी. वजनं सगळी कोरड्या धान्याची. पोट भरायचं, पण हिशोब केला तर साधारण ६५० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं. एरवी त्यांना दिवसाला १५०० च्या आसपास कॅलरी लागतात. प्रथिनं साठीच्या पुढे किलोमागे एक ग्रॅम तरी असावीत असं आता सांगतात, म्हणजे त्यांना ५२ ग्रॅम. मिळत होती त्याची तिसरा हिस्सा. नवव्या दिवशी सामायिकाच्या आसनावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या ओळीला आम्ही नियम तेच ठेवून ताट बदललं. तांदूळ ८० ग्रॅम, मूगडाळ २० ऐवजी ८० ग्रॅम, भाकरीला ३० ग्रॅम नाचणी आणि ३० ग्रॅम बेसन, आणि वर ४० ग्रॅम फुटाणे. हे झालं सुमारे ९१० कॅलरी आणि ४१ ग्रॅम प्रथिनं. कोरडं धान्य फक्त ७० ग्रॅम वाढलं, प्रथिनं दुपटीहून जास्त झाली.

८० ग्रॅम डाळ एका बैठकीत खायची म्हणजे ती पातळ करून चालत नाही, पाण्यानेच पोट भरतं. आम्ही डाळ उकळून गार केलेल्या पाण्यात दोन तास भिजवतो. निम्मी घट्ट शिजवतो, इतकी की चमचा उभा राहावा. निम्मी वाटून, मीठ-मिरी-हिंग घालून निर्लेप तव्यावर कोरडे पोळे काढतो. पीठ आंबवत नाही, त्याच दिवशीचं वापरतो. सुंठ आणि हिंग चालत असेल तर जरूर घाला, गॅस कमी धरतो. तुमच्या गच्छात काय चालतं ते महाराजसाहेबांना विचारून घ्या.

जेवताना क्रमही बदलला. आधी पोळे आणि घट्ट डाळ, मग भाकरी, भात शेवटी. भात आधी घेतला की डाळीला जागा उरत नाही. फुटाणे सगळ्यात शेवटी, आसनावर बसल्या बसल्या सावकाश चावून. एकदा उठलं की जेवण संपलं, म्हणून घाई करायची नाही. एका वेळी जेवण्याचा एक फायदाही आहे. वय झालं की स्नायूंना थोडी थोडी प्रथिनं पुरत नाहीत, एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम तरी लागतात. हे ताट ते सहज ओलांडतं.

काही जणी वजन उतरावं म्हणून ओळीत भात-भाकरी सोडून नुसती डाळ खातात. तसं करू नका. धान्याचं इंधन नसेल तर शरीर डाळीतली प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं, आणि एवढी डाळ खाऊन स्नायूंना फारसं काही मिळत नाही. शिवाय डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात असतं. डाळ-भात ही जोडीच आहे.

आता वजनकाट्याबद्दल. नव्या ताटातही दिवसाला सुमारे ५९० कॅलरींची तूट राहते, नऊ दिवसांची ५३००. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे चरबी फार तर पाऊण किलो उतरेल. काटा दीड-दोन किलो कमी दाखवत असेल तर त्यातलं बरंचसं पाणी असतं, पारण्यानंतर ते परत येतं. म्हणून काट्यावरून स्नायूंचं कळत नाही.

ते कळतं खुर्चीवरून. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. जाऊबाईंचे ओळीआधी तेरा असत. पातळ डाळीच्या ओळीनंतर नऊ झाले, घट्ट डाळीच्या ओळीनंतर बारा. मात्र दुसऱ्या वेळी त्या जेवणानंतर तासाभराने रोज दहा-दहाच्या दोन खेपा खुर्चीवर उठबस करत होत्या, त्याचाही यात वाटा आहे. नुसतं खाऊन, दिवसभर बसून राहिलं तर स्नायू राहत नाहीत. चक्कर आली तर मात्र मोजणीही नको.

पारण्यानंतर दहा दिवस डाळीचं प्रमाण लगेच खाली आणू नका. दोन्ही जेवणांत डाळ, सोबत दूध किंवा ताक ठेवा. डाळीबरोबर ताक घ्यायचं तर द्विदळाचा नियम पाळून आधी गरम करून घ्या. दहाव्या दिवशी पुन्हा खुर्चीवर मोजा. आकडा आधीच्या जागी आला नसेल तर उठबस आणि डाळ आणखी काही दिवस चालू ठेवा.

हा हिशोब आयंबिलाचा आहे. अठ्ठाईत पाण्याशिवाय काहीच नसतं, तिथे आधी आणि नंतर काय खाल्लं एवढंच हातात उरतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर इतकी डाळ चालत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर एकवेळच्या जेवणात साखर एकदम उतरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तरी चक्कर येते. अशा बहिणींनी पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण ठरवून घ्यावं.

तराजू नसेल तर आपल्या घरची आमटीची वाटी एकदा किराणा दुकानात नेऊन कोरड्या मूगडाळीने भरून तोलून आणा. आमच्या वाटीत बरोबर ८० ग्रॅम बसते, म्हणून ओळीभर ताटाला एक वाटी डाळ, आणि रोज तोलायची कटकट नाही.