मेंदीचा खरा रंग

प्रिय बेटा आणि दामादमियाँ,



अल्बम पोहोचल्याचा तुमचा निरोप मिळाला. फोटो आवडले हे वाचून बरे वाटले. त्याखाली संकोचाने लिहिलेल्या तीन ओळीही वाचल्या. फोटो थोडे पिवळसर वाटतात, काही पानांवर बारीक दाणे दिसतात, आणि घरातल्या कोणीतरी म्हटले आहे की दुल्हनचा चेहरा जरा उजळ करता आला असता तर बरे झाले असते. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले असते, पण त्याने तुमचे समाधान झाले नसते. म्हणून हे पत्र.

बेटा, सुरुवात तुझ्या घरापासून करतो. तुझे माहेर कौलारू. माजघराला छत नाही, वर काळे पडलेले वासे आणि लाल कौले. शहरातल्या हॉलमध्ये आम्ही फ्लॅश छताकडे तोंड करून मारतो. पांढऱ्या छतावरून तो प्रकाश मऊ होऊन खाली येतो आणि चेहऱ्यावर पसरतो. तुमच्या माजघरात तसा फ्लॅश मारला असता तर अर्धा उजेड वाशांनी गिळला असता आणि उरलेला कौलांचा लाल रंग घेऊन खाली आला असता. सरळ चेहऱ्यावर मारला असता तर कपाळ चकाकले असते, मागच्या भिंतीवर काळी सावली पडली असती आणि खोलीत बसलेल्या बायका दचकल्या असत्या. म्हणून त्या दिवशी मी माजघरात फ्लॅश बाहेरच काढला नाही.

आता सतराव्या पानावरचा फोटो उघडा. वकील आणि दोन साक्षीदार तुझी संमती विचारायला आत आले तेव्हाचा तो आहे. असरची नमाज झालेली होती. डिसेंबरातले कलते ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे येऊन तुझ्या उजव्या गालावर आणि मेंदीच्या हातांवर पडले होते. डोक्यावर मात्र पांढरी ट्यूब जळत होती. ती दोन मिनिटे बंद कराल का, असे मी हळूच विचारले. चाचींनी उत्तर दिले, ‘‘सही करायची आहे, कागद दिसायला नको का?’’ त्यांचे बरोबर होते. ट्यूब चालूच राहिली.

पिवळेपणाचे मूळ इथेच आहे. उजेडाला रंग असतो आणि तो केल्व्हिन नावाच्या मापात मोजतात. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 ते 3000, दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास, पांढऱ्या ट्यूबचा 6500 च्या जवळ. कलत्या उन्हाचा आकडा दुपारच्या उन्हापेक्षा बराच खाली असतो. आपले डोळे हा फरक आपोआप सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. तुझ्या एका गालावर सोनेरी ऊन होते आणि दुसऱ्या गालावर ट्यूबचा थंड, किंचित हिरवट उजेड. कॅमेऱ्याला आपल्या मनाने ठरवू दिले तर तो दोघांच्या मधला आकडा धरतो. तसे करून पाहिले तेव्हा उन्हाचा गाल फिकट झाला, ट्यूबचा गाल आजारी माणसासारखा हिरवट दिसू लागला, आणि मेंदी करड्या-काळ्या रंगाची, जणू हातांना शाई लागली आहे.

तुझी मेंदी तशी नव्हती. आदल्या दिवशी लावलेली मेंदी एव्हाना चांगली चढून गडद लालसर तपकिरी झाली होती. त्या मेंदीचा रंग मी स्वतः पाहिला होता, म्हणून सगळ्या अल्बमचे माप मी तिलाच ठेवले.

काम असे केले. निकाहाआधी खिडकीजवळ करड्या रंगाचे एक कार्ड धरून मी एक फोटो काढून ठेवला होता. संगणकावर त्या कार्डाचा करडा रंग अगदी करडा दिसेल असा आकडा शोधला, तो 4300 आला. एवढ्यावर थांबलो असतो तर कागद शुभ्र दिसला असता, पण ऊन उरले नसते. संध्याकाळचे ऊन दुपारसारखे पांढरे झाले असते. म्हणून आकडा 4700 वर नेला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवला की चित्र उबदार होते. ट्यूबची हिरवट झाक मारण्यासाठी थोडी गुलाबी छटा दिली. दोन्ही गाल एकाच आकड्याने पूर्ण जुळत नाहीत, म्हणून ट्यूबकडची बाजू अजूनही किंचित थंड आहे. ती तशीच ठेवली, कारण तिथे ट्यूब खरेच होती.

तुमच्या फुफींनी विचारले आहे, ‘‘जुन्या फोटोसारखा इफेक्ट का दिला?’’ त्यांना सांगा, तसा काही दिलेला नाही. जुन्या फोटोचा तपकिरी रंग चढवला की सगळेच तपकिरी होते, हिरवी बांगडीसुद्धा. तुमच्या अल्बममध्ये बांगड्या हिरव्या आहेत, खिडकीबाहेरची माडाची झावळी हिरवी आहे आणि अब्बांची टोपी पांढरी आहे. घरच्या घरी तपासायचे तर हेच करा. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसून अल्बममधली टोपी पाहा. ती सायीसारखी दिसली तर रंग मी ठरवला तसाच आहे. हळदीसारखी पिवळी दिसली तर चूक झाली आहे, मला कळवा. मोबाइलवर पाहत असाल तर आधी डोळ्यांना आराम देणारी रात्रीची सेटिंग बंद करा, ती सगळा पडदाच पिवळा करते.

आता दाण्यांविषयी. बेटा, तुझ्या अम्मी-अब्बांच्या निकाहात मी माझ्या उस्तादांचा मदतनीस होतो. तेव्हा रोल असायचे, एका रोलात 36 फोटो. अंधाऱ्या जागेसाठी जास्त वेगवान फिल्म घ्यावी लागे आणि तिच्यातले चांदीच्या क्षारांचे कण मोठे असत, म्हणून फोटोत दाणे दिसत. आज फिल्म नाही, पण अडचण तीच आहे. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागते. सतराव्या पानावरच्या फोटोला ती 6400 ठेवली होती. बाहेर पडवीत 200 वर भागले होते. संवेदनशीलता वाढवली की कॅमेरा तुटपुंजा उजेड मोठा करून दाखवतो आणि त्याबरोबर त्यातली खळबळही मोठी होते.

ही खळबळ दोन प्रकारची असते. सावलीत लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात, ते खरेच वाईट दिसतात. ते मी सगळे काढले. दुसरी असते नुसत्या उजेड-काळोखाची, बारीक रव्यासारखी. तीही पुसता येते, पण मग फोटोतले इतर बारीक कामही तिच्याबरोबर पुसले जाते. मी पुसून पाहिले. तुझ्या भुवयांचे केस एकमेकांत मिसळले, ओढणीच्या जरीची वीण नुसता सोनेरी पट्टा झाली, आणि नानींच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या. त्या मेणाच्या दिसू लागल्या. म्हणून रवा अर्धाच कमी केला.

मग आणखी एक प्रश्न आला. पडवीतले फोटो स्वच्छ आणि माजघरातले रवाळ. पान उलटले की दोन वेगळ्या लग्नांचे फोटो असावेत तसे वाटे. म्हणून पडवीतल्या फोटोंवरही थोडा बारीक दाणा घातला. त्याचा छपाईतही उपयोग होतो. मोकळ्या भिंतीवर उजेड हळूहळू कमी होत जातो तिथे छापताना कधी कधी पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. दाणा असला की ते मोडतात. मोबाइलवर बोटांनी मोठे करून पाहिले तर दाणे टोचतील. अल्बम मांडीवर ठेवून हातभर अंतरावरून पाहा, मॅट कागदावर ते विरून जातात. छपाईला देण्याआधी मी सतरावे पान वेगळे छापून घेतले होते, आणि लॅबला लेखी कळवले होते की रंग आपोआप सुधारू नका. नाहीतर तिथले यंत्र सगळी ऊब काढून टाकते.

चुका माझ्याही आहेत. वलीमाच्या पानांवर, म्हणजे 22 आणि 23 वर, मी ऊब जास्त चढवली. स्टेजवर आधीच लाल दिवे होते, त्यात माझी भर पडली. लाल रंग एका मर्यादेपलीकडे गेला की कपड्याच्या घड्या आणि जर नाहीशी होते, नुसता लाल गोळा उरतो. तुमच्या ओढणीचे तसेच झाले आहे आणि दामादमियाँची सायीच्या रंगाची शेरवानी बिस्किटासारखी दिसते आहे. ही दोन्ही पाने मी लाल रंग कमी करून पुन्हा छापून देतो, माझ्या खर्चाने.

राहिला चेहरा उजळ करण्याचा प्रश्न. ओढणीच्या सावलीत चेहरा काळवंडला होता असे दोन फोटो होते, पान नऊ आणि पान बारा. तिथे मी चेहऱ्यावरचा उजेड वाढवलेला आहे, कारण तो दोष सावलीचा होता. पण ज्या फोटोत चेहऱ्यावर पुरेसा उजेड आहे तिथे चेहरा गोरा केला तर मान आणि हात मागे राहतात. चेहरा एका मुलीचा आणि मेंदीचे हात दुसरीचे, असा फोटो होतो. हातही उजळले तर मेंदीचा रंग उतरतो. दामादमियाँ, ही सूचना तुमची नव्हती हे मला ठाऊक आहे, तरी तुम्हालाच सांगतो. तिचा रंग सावळा आहे, तिच्या अम्मीसारखा, आणि त्या उन्हात तो तांब्यासारखा झळाळत होता. उद्या तुमची मुले हा अल्बम उघडतील आणि समोर बसलेल्या अम्मीकडे पाहतील. दोन्हीकडे तोच चेहरा दिसला पाहिजे. एवढे एक काम मी करणार नाही, त्याबद्दल रागावू नका.

अल्बम उन्हात ठेवू नका आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. आपल्या कोकणची ओल दाण्यांपेक्षा जास्त नुकसान करते.

अल्लाह तुम्हा दोघांना सुखात ठेवो. नानींना माझा सलाम सांगा. त्यांच्या सुरकुत्या मी जपून ठेवल्या आहेत, हेही सांगा.

तुमचा,
फोटोवाला चाचा