वॉर्डात द्यायचा एक पानी अहवाल

रविवार, 4 मे 2025

पंतनगर, घाटकोपर पूर्व. सकाळी सातला सुरू केलेली मागच्या गल्लीची सफाई ऊन चढेपर्यंत चालली. हात धुतले आणि विसरायच्या आत वहीत खरडून ठेवलं:

- कडेचं गटार, 3 लाद्या उचलल्या, गाळ 11 गोण्या
- प्लास्टिक, थर्माकोल 9 गोण्या
- राडारोडा भिंतीलगत तसाच, खूप आहे
- टायर 4, पाण्यात अळ्या
- तिसऱ्या लादीखाली आडवा पाइप, पुढे हात जाईना
- हॉटेलवाले टाकतात म्हणे

हे वाचून आम्हाला सगळं आठवतं, पण वॉर्डातल्या माणसाला काहीच कळणार नाही. 'खूप' म्हणजे किती, भिंत कुठली?

सोमवार, 5 मे

मार्च 2022 पासून महापालिकेत नगरसेवक नाहीत, कारभार प्रशासकांकडे आहे. त्यामुळे पत्र थेट एन विभागाच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे जाणार. तिथून ते एकाच टेबलावर थांबत नाही. राडारोडा घनकचरा व्यवस्थापनाचा, गटार पर्जन्य जलवाहिन्यांचं, अळ्या कीटकनाशक खात्याच्या. सगळं एका परिच्छेदात कोंबलं, तर प्रत्येक खात्याला वाटतं की हे दुसऱ्याचं काम. म्हणून तीन मुद्दे वेगळे केले आणि प्रत्येकासमोर खात्याचं नाव लिहिलं.

सात नंबरच्या काकूंना हे सवयीचं आहे. नव्वदच्या दशकात याच घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी पालिकेच्या सोबतीने कचरा वेगळा करायला सुरुवात केली आणि त्यातून एएलएमची कल्पना मुंबईभर गेली. त्या काळापासून त्या अर्ज लिहीत आल्या आहेत. माझा मसुदा वाचून म्हणाल्या, "आपण काय केलं ते दोन ओळींत उरक. काय उरलंय, ते नीट लिही."

मंगळवार, 6 मे

मोजपट्टी घेऊन पुन्हा गल्लीत. ढीग भिंतीला टेकलेला, उतरता: लांबी 4 मीटर, बुंध्याशी रुंदी दीड मीटर, भिंतीलगत उंची 80 सेंटिमीटर. अशा ढिगाचा आडवा छेद त्रिकोणी असतो, म्हणून तिन्ही मापांचा गुणाकार करून निम्मा धरायचा. सुमारे 2.4 घनमीटर आले. विटा-प्लास्टरचा सैल राडारोडा घनमीटरला सव्वा ते दीड टन भरतो, म्हणजे एकूण 3 ते 3.6 टन. आता त्यांना कळेल की हातगाडीने भागणार नाही.

गोण्यांचा आकडाही फसवा. रद्दीवाल्याच्या काट्यावर अर्धी भरलेली ओल्या गाळाची गोणी 27 किलो भरली आणि तोंडापर्यंत भरलेली प्लास्टिकची जेमतेम 4. दोन्ही मिळून '20 गोण्या कचरा' असं लिहिलं असतं, तर त्यातून ना वजन कळलं असतं ना गाडी ठरली असती.

गुरुवार, 8 मे

पत्र पक्कं केलं. पाइपाचा मुद्दा असा झाला:

"इमारत क्र. 7 च्या मागील प्रवेशद्वारासमोर, रस्त्याच्या डाव्या कडेच्या गटारात, तिसऱ्या लादीखाली सुमारे 10 सेंटिमीटर व्यासाचा पाइप आडवा गेलेला आहे. त्यावर प्लास्टिक व गाळ अडकून गटाराची सुमारे अर्धी खोली बुजली आहे. स्वयंसेवकांना हा भाग साफ करता आला नाही. पाइप कोणाचा आहे हे आम्हास माहीत नाही. पावसाळ्यापूर्वी पाहणी करून तो हलवावा व पुढील गाळ काढावा. छायाचित्र क्र. 3 जोडले आहे."

जागा, माप, झालेला अडथळा, आमची मर्यादा, मागणी. याच क्रमाने बाकीचे दोन मुद्दे लिहिले. काढलेल्या गाळाच्या गोण्या कुठे ठेवल्यात तेही घातलं. गाळ गटाराच्या काठावर राहिला, तर पहिल्या सरीत परत आत जातो.

हॉटेलवाल्यांची ओळ गाळली. टाकताना कोणी पाहिलेलं नाही, तारीख नाही, फोटो नाही. ऐकीव ओळ एखाद्यावर अन्यायही करू शकते आणि तिच्यामुळे बाकीच्या मोजलेल्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो. त्याऐवजी लिहिलं, "जाळीजवळ शिजवलेले अन्न व तेलकट थर आढळला." हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

दोन प्रती नेल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पुढे विचारायला जाताना हाच क्रमांक सांगायचा असतो.

सोमवार, 26 मे

मान्सून आज मुंबईत दाखल झाला. नोंदींमधलं हे सर्वांत लवकरचं आगमन आहे. नालेसफाईची मुदत 31 मेची असते, पाऊस त्याच्या आधीच आला. राडारोडा आणि गाळाच्या गोण्या उचलून झाल्या आहेत. टायर आम्हीच रद्दीवाल्याला दिले. पाइप मात्र आहे तिथेच आहे. दुपारी तिसऱ्या लादीजवळ घोट्याच्या वर पाणी होतं. वेळेसह फोटो काढले, खोली मोजली, 14 सेंटिमीटर. जुना आवक क्रमांक टाकून चार ओळींचं पुरवणी पत्र लिहिलंय. ते उद्या सकाळी पर्जन्य जलवाहिन्यांच्या सहाय्यक अभियंत्यांकडे द्यायचं.