वरच्या मजल्यावरचा चार फुटी माणूस

मुळशी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या एका घराच्या हॉलची थ्रीडी चित्रं मी केली होती. त्यातल्या मुख्य चित्रात पोटमाळ्यावर कठड्याला टेकून एक माणूस उभा होता. तो माणूस जेमतेम चार फुटांचा होता, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. चित्र पाहून सगळे खूश झाले, कारण वरचा मजला ऐसपैस दिसत होता. प्रत्यक्षात तो ऐसपैस नव्हता. पुण्यात अंतर्गत सजावटीची चित्रं करून मी पोट भरतो, म्हणून ती चूक कशी घडली आणि कुठे पकडता आली असती, हे नीट लिहून ठेवतो आहे.

हॉल डबल हाइट. खालच्या फरशीपासून छतापर्यंत 18 फूट. अर्ध्या भागावर पोटमाळा, त्याला उघडा कठडा, आणि समोर पश्चिमेला जमिनीपासून 17 फुटांपर्यंत जाणारी उंच खिडकी. सेक्शनमधला हिशोब साधा होता. पोटमाळ्याखाली 8 फूट 6 इंच. मग लोखंडी गर्डर, त्यावर डेक शीट आणि काँक्रीट, त्यावर फरशी, असा मिळून 14 इंचांचा थर. म्हणजे वरची फरशी 9 फूट 8 इंचांवर, आणि वर उरले 8 फूट 4 इंच. राहायला चालण्याजोगी उंची, पण मोकळी नाही.

माझ्या मॉडेलमध्ये हे आकडे नव्हते. काम सुरू झालं तेव्हा स्ट्रक्चरल ड्रॉइंग यायचं होतं, म्हणून पोटमाळ्याचा थर मी 5 इंच धरला. दिसायलाही तो छान सडपातळ दिसत होता. पुढे ड्रॉइंग आलं, पण मी मॉडेल उघडून तो थर बदलला नाही. त्यामुळे माझ्या चित्रात वर 9 फूट 1 इंच मिळाले. नऊ इंच कुठूनच न येता आले. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं.

खरी गडबड कठड्याने केली. साडेतीन फुटांचा कठडा लावल्यावर त्याची वरची पट्टी नेमकी मागच्या पलंगाला आणि भिंतीवरच्या चित्राला आडवी येत होती. म्हणून मी तो खाली आणत अडीच फुटांवर ठेवला. मग वर एक माणूस हवा म्हणून तयार आकृतींच्या संग्रहातून एक उचलली. खऱ्या उंचीची आकृती त्या बुटक्या कठड्यापाशी ठेवली तर पट्टी मांडीच्या वरच्या टोकाशी येत होती आणि माणूस आत्ता खाली पडेल असं वाटत होतं. मी कठडा वाढवण्याऐवजी माणूस लहान केला. तो लहान झाल्यावर मागचा सात फुटी दरवाजा राक्षसी दिसू लागला, म्हणून दरवाजा पाच फुटांवर आला. खुर्ची, दिवा, पुस्तकांचं कपाट, सगळं त्याच प्रमाणात आक्रसलं. आता वरचं सगळं एकमेकांशी जुळत होतं, म्हणूनच ते खरं वाटत होतं.

बघणाऱ्याच्या डोळ्याने काय केलं असेल, ते मी नंतर मांडून पाहिलं. आपण कठडा मोजत नाही. तो पोटापर्यंत येतो एवढं आपल्याला माहीत असतं. म्हणून अडीच फुटांचा कठडाही डोळा साडेतीन फुटांचाच वाचतो आणि त्याच मापाने वरची उंची मोजतो. माझ्या चित्रातले 9 फूट 1 इंच अशा मापाने जवळपास 12 फूट 8 इंच होतात. घरमालकीणबाईंना वर बारा-तेरा फुटांची खोली दिसत होती, बांधली जात होती सव्वाआठ फुटांची.

एक तपासणी आता मी रोज करतो, आणि तिला कागद-पेन्सिलही लागत नाही. चित्रात उभ्या रेषा सरळ असतील, तर पोटमाळ्याच्या कडेवर कठड्याची उंची आणि त्याच रेषेत छतापर्यंतची उंची यांचं प्रमाण पाहायचं. सव्वाआठ-साडेआठ फुटांच्या मजल्यात साडेतीन फुटांचा कठडा दोन पंचमांश जागा खातो. माझ्या चित्रात तो जेमतेम पाव भाग दिसत होता.

दुसरी चूक कॅमेऱ्याची. मला पलंगावरची चादर दाखवायची होती, आणि खाली उभ्या माणसाला ती दिसूच शकत नाही. उभ्या माणसाची नजर साधारण 5 फूट 3 इंचांवर असते, वरची फरशी तिच्याहून 53 इंच उंच. कडेपासून 12 फूट लांब उभं राहिलं, तर कडेला घासून जाणारी नजर दर फुटामागे साडेचार इंच चढते. म्हणजे कडेपासून 4 फूट आत उभ्या असलेल्या माणसाचे पाय पोटऱ्यांपर्यंत झाकले जातात, आणि 6 फूट आत ठेवलेल्या पलंगाचे 26 इंच. पलंग 20 इंचांचा. तो पूर्ण लपतो. सोफ्यावर बसलेल्याला तर त्याहून कमी दिसतं.

मी मात्र कॅमेरा उचलून 8 फुटांवर नेला. तिथून माझ्या मॉडेलमधली फरशी फक्त 11 इंच वर राहते, आणि पलंग सहज दिसतो. पण त्याच हालचालीने दुसरी गोष्ट चित्रातून नाहीशी झाली. पोटमाळ्याचा खालचा तळ साडेआठ फुटांवर होता. आठ फुटांवरच्या डोळ्याला तो जवळजवळ रेषेसारखा दिसतो. त्याचं वजन, त्याखालची सावली, तिथे बसल्यावर डोक्यावर जाणवणारं छत, यातलं काहीच दिसलं नाही. वर 18 मिलिमीटरची लेन्स लावलेली, म्हणजे 90 अंशांचा आवाका. खोली आणखी खोल आणि कडेच्या वस्तू ताणलेल्या.

लोखंड उभं राहिलं तेव्हा हे सगळं उघडं पडलं. फॅब्रिकेटरने साइटवरून फोन केला. “साहेब, कठडा सेक्शनचा धरू का फोटोतला? फोटोत फारच खाली दिसतोय.” मी उत्तर दिलं, “सेक्शनचा धरा, दादा.” चित्र पुन्हा उघडून बघायचं मात्र मनात आलं नाही. त्याने माझ्या चुकीवर नेमकं बोट ठेवलं होतं आणि मी ते एका वाक्यात निकालात काढलं. पुढे बाई स्वतः वर चढल्या, आणि हात वर करून गर्डरकडे बघत म्हणाल्या, “दादा, चित्रात इथे एवढं उंच होतं ना हो? हे तर आपल्या फ्लॅटपेक्षाही बुटकं आहे.” त्यांनी वरसाठी साडेसात फुटांचं कपाट सांगून ठेवलं होतं आणि लांब साखळीचा दिवाही घेतला होता. मी त्यांना तिथेच सांगितलं की घर ड्रॉइंगप्रमाणेच झालंय, चित्र चुकलं होतं, आणि ते माझ्याकडून चुकलं.

छत वाढवणं शक्य नव्हतं. वर होणारं सहा इंचांचं फॉल्स सीलिंग रद्द केलं, नाहीतर 7 फूट 10 इंचच उरले असते. कपाट सहा फुटांवर आणलं. दिवा खाली डबल हाइटमध्ये गेला, जिथे साखळीला अर्थ होता.

कमी उंची म्हणजे वाईट घर, असं मी म्हणत नाही. मार्सेयमधल्या ‘युनिते द’हाबितासियों’ या 1952 साली पुऱ्या झालेल्या इमारतीत ल कॉर्ब्युझिएने घरांना डबल हाइट दिली, ती 4.80 मीटरची. तिथे एका मजल्याची उंची 2.26 मीटर, म्हणजे साडेसात फुटांच्याही किंचित आत. दोन मजल्यांचे 4.52 मीटर वजा केले की मधल्या थराला 28 सेंटिमीटर उरतात, सुमारे 11 इंच. 2.26 हा आकडा हात वर केलेल्या माणसाच्या उंचीवरून काढलेला आहे. ते घर लहान मापाचं आहे आणि तसंच दाखवतं. आपल्याकडेही मुळशी-मावळच्या जुन्या घरांत माळा असतोच, वाकून वावरावं लागेल एवढाच, आणि तो कोणालाही फसवत नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा सव्वाआठ फूट तेरा फुटांसारखे दिसतात.

खिडकीचं चित्रही मी तसंच बिघडवलं होतं. सतरा फूट उंच आणि मध्ये एकही पट्टी नाही, सलग काच. समोर पाणी आणि डोंगर, म्हणजे माप धरायला जवळ काहीच नाही. ती दहा फुटांची असती तरी चित्र तसंच दिसलं असतं. शिवाय ताम्हिणीच्या बाजूने वाऱ्याबरोबर आडवा मारणारा पाऊस अंगावर घ्यायचा, तर एवढी काच तुकड्यांतच बसवावी लागते आणि प्रत्येक आडवा सांधा हा पाणी शिरण्याची जागा असतो. ते सांधे कुठे येणार, हे ठरवल्याशिवाय खिडकी काढायलाच नको होती.

दुसऱ्या खेपेला मी आधी साडेपाच फुटांचे दोन साधे ठोकळे उभे केले, एक खाली, एक वर, आणि ते शेवटपर्यंत हलवले नाहीत. थर 14 इंचांचा, कठडा साडेतीन फुटांचा, त्याच्या उभ्या सळ्यांमधली फट चार इंचांच्या आत. पहिल्या चित्रात मी आडव्या तारा दाखवल्या होत्या. त्या जास्त मोकळ्या दिसतात, पण लहान मुलं त्यांवर पाय ठेवून चढतात, आणि या घरात नातवंडं येणार होती. कॅमेरा 5 फूट 3 इंचांवर, लेन्स 28 मिलिमीटरची, कॅमेरा वर न झुकवता, म्हणजे भिंती वर जाताना आत झुकत नाहीत.

खिडकीला दोन आडव्या पट्ट्या दिल्या. पहिली सात फुटांवर, दरवाजाच्या डोक्याच्या रेषेत. दुसरी कुठे द्यायची यावर बराच वेळ गेला. सुताराचं म्हणणं, उरलेल्या दहा फुटांचे दोन सारखे भाग करा, पट्टी बारा फुटांवर येईल. पण वर खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर साधारण साडेतेरा फुटांच्या आसपास असते, उभ्याची पंधरा फुटांजवळ, आणि कठड्याची वरची पट्टी 13 फूट 2 इंचांवर. बारा फुटांवर पट्टी दिली असती तर वरून बघताना कठड्याची एक आणि खिडकीची दुसरी अशा दोन आडव्या रेषा पाण्याच्या देखाव्यात आल्या असत्या. आम्ही ती 13 फूट 2 इंचांवरच ठेवली. भाग झाले 7 फूट, 6 फूट 2 इंच आणि 3 फूट 10 इंच. खालून बघताना कठड्याची रेषा खिडकीत पुढे चालू राहते, आणि वरचा मजला किती उंच आहे हे त्या रेषेवरून लगेच कळतं.

हे चित्र बाईंना दाखवलं तेव्हा पलंग त्यात दिसतच नव्हता, कठड्यामागे फक्त कपाटाचा वरचा भाग आणि छत. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वर पलंग नकोच. खाली गादी घालू, वाचायला.” जमिनीलगत बसल्यावर सव्वाआठ फूट भरपूर होतात. पलंग खालच्या खोलीत गेला.